बायोतली नक्षी काढू का?

प्रश्न: म्हापशात आमची खानावळ आहे. इन्स्टाग्रामच्या बायोतलं फोन काही धड वाचून दाखवत नाही, असं एका दृष्टिहीन गिऱ्हाइकानं सांगितलं. काय बदलू?

उत्तर: तुमचा बायो बहुधा असा काहीसा असेल:

```
✦•┈ 𝓖𝓸𝓪𝓷 𝓣𝓱𝓪𝓵𝓲 ┈•✦
🐟🐟🐟🐟🌴🌴
शुक्रवारी
 .
बंद
```

आधी ती वळणदार अक्षरं काढा. दिसतात इंग्रजी, पण युनिकोडमध्ये ती गणिताची चिन्हं आहेत. त्यामुळे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे काही स्क्रीन रीडर ती गाळतात, काही एकेका अक्षराचं लांबलचक नाव घेतात. म्हणजे खानावळीचं नावच ऐकू येत नाही! इमोजीचंही नाव वाचलं जातं, म्हणून माशांची रांग नको. एखादा मासा हवाच तर शेवटी ठेवा. ‘शुक्रवारी’ आणि ‘बंद’ यांच्यामध्ये टिंब टाकून ओळ तोडली की वाक्य तुटतं. ऐकणाऱ्याला वाटेल, शुक्रवारी काहीतरी खास आहे.

त्यापेक्षा:

```
गोवन थाळी, म्हापसा.
माशांचं जेवण, दुपारी 12 ते 3.
शुक्रवारी बंद. 🐟
```

ॲण्ड्रॉइडवर सेटिंग्जमधून टॉकबॅक हा स्क्रीन रीडर चालू करून स्वतः ऐका. तो चालू असताना बटण दाबायला दोनदा टॅप करावं लागतं, तेव्हा बंद कसा करायचा ते आधीच बघून ठेवा. मात्र प्रत्येक स्क्रीन रीडर थोडं वेगळं वाचतो, त्यामुळे त्या गिऱ्हाइकालाही एकदा ऐकायला सांगा.