शिरोलीतल्या फाउंड्रीत आहे. नोकरी डॉट कॉमवर बायोडेटा टाकला तर आमच्या एचआरला कळेल का?

कळू शकतं, म्हणून आधी प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सध्याची कंपनी ब्लॉक करा. ग्रुपमधल्या कंपन्या वेगळ्या नावाने असतील, तर तीही नावं टाका. पण बातमी फुटते ती बहुतेक कन्सल्टंटकडून. तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणारा कन्सल्टंट स्वतःच्या खात्यातून शोधतो, त्याला हा ब्लॉक लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल हा पट्टा लहान; एकच कन्सल्टंट शेजारशेजारच्या कारखान्यांचं काम बघत असू शकतो. त्यामुळे बायोडेटा देण्याआधी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी सांगा, ‘मला विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका.’ बायोडेट्यातही कंपनीचं नाव न घालता ‘ऑटो कास्टिंग फाउंड्री, क्वालिटी विभाग’ एवढंच लिहा. नाव मुलाखत ठरल्यावर सांगता येतं. आणि ऑफिसचा ईमेल किंवा लॅपटॉप यासाठी अजिबात वापरू नका.