टक्के शेवटी काढा

"रिक्रूटरचा फोन आला की पहिलाच प्रश्न : करंट सीटीसी किती आणि किती टक्के हाइक हवी? मी दर वेळी तीस टक्के सांगून मोकळी होते आणि फोन ठेवल्यावर वाटतं, कमी मागितलं. हा आकडा ठरवायचा कसा?"

सिंहगड रोडवर राहणारी, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार वर्षं काढलेली एक मुलगी फेब्रुवारीत माझ्याकडे आली, तेव्हा खराडीच्या एका कंपनीची तोंडी ऑफर तिच्या हातात होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ९ लाखांवर ३० टक्के, म्हणजे ११ लाख ७० हजार. घरी आनंदीआनंद होता. मी तिला दोन्हीकडचे सीटीसीचे तक्ते शेजारी शेजारी ठेवायला सांगितले.

तिच्या ९ लाखांतले ९० हजार व्हेरिएबल होते, तर ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता मिळून जवळजवळ २७ हजार. ते बाजूला काढल्यावर उरले ७ लाख ८३ हजार. यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ मी धरते, कारण तो पैसा आपल्याच खात्यात जातो. ग्रॅच्युइटी धरत नाही, कारण पाच वर्षं न टिकणाऱ्याच्या हाती ती सहसा पडत नाही. नव्या तक्त्यात व्हेरिएबल १५ टक्के होतं, म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर. तीच वजाबाकी केल्यावर राहिले ९ लाख ५४ हजार. तीस टक्क्यांचे बावीस झाले. बँकेत जमा होणारी रक्कम तर ५७,९०० वरून ६७,६०० वर जात होती, जेमतेम १७ टक्के वाढ. नव्या ठिकाणी बेसिक सीटीसीच्या चाळीसऐवजी पन्नास टक्के असल्यामुळे तिच्या वाट्याचा पीएफही जास्त कापला जाणार होता.

मग आम्ही टक्के विसरून रुपयांत हिशेब मांडला. पीएफसकट फिक्स्ड ७ लाख ८३ हजार. एप्रिलमध्ये तिला साधारण ८ टक्क्यांचं इन्क्रिमेंट मिळणार होतं, म्हणजे जागेवर बसूनही ८ लाख ४६ हजार. तुलना करायची ती या आकड्याशी, आजच्या पगाराशी नाही. सध्या आठवड्यातले तीन दिवस घरून काम. खराडीत पाचही दिवस ऑफिस. पेट्रोल आणि पावसाळ्यातल्या रिक्षा धरून महिन्याला ४ हजार जादा, वर्षाला ४८ हजार. झाले ८ लाख ९४ हजार. इथे पोचलं की नोकरी बदलून फक्त बरोबरी होते. नवा मॅनेजर, प्रोबेशन, रोजचा प्रवास हे सगळं किती पैशांसाठी सोसशील, असं विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वर्षाला ऐंशी हजार तरी हवेत, मॅडम." म्हणून पावणेदहा लाख ही तिची खालची रेघ ठरली. ती रेघ रिक्रूटरला सांगायची नसते.

वरचा आकडा बाजारातून येतो. तिच्याच टीममधून बाहेर पडलेल्या दोघांना तिने थेट विचारलं. त्यांचं फिक्स्ड १० ते ११ लाखांत होतं. म्हणून मागायचा आकडा पावणेअकरा लाख. आधी टक्के धरून ती गुणाकार करत बसली असती, तर या आकड्यापर्यंत पोचलीच नसती.

सध्याचा पगार मात्र खराच सांगावा. पुढे पे-स्लिपा आणि फॉर्म १६ मागतात, तिथे फुगवलेला आकडा उघडा पडतो आणि ऑफर हातची जाते. तिने सांगितलं, "सीटीसी ९ लाख, एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट आहे. अपेक्षा पीएफसकट फिक्स्ड पावणेअकरा लाखांची, व्हेरिएबल वेगळं." रिक्रूटर म्हणाला, "३० टक्क्यांवर जाता येत नाही." हे वाक्य बहुतेक जण म्हणतात, काही ठिकाणी ते खरंही असतं. तिने वाद न घालता एवढंच विचारलं, की त्यात फिक्स्ड किती बसेल. फॉर्ममध्ये टक्क्यांचा रकाना सक्तीचा असेल, तर ठरलेल्या रुपयांवरून उलटं गणित करून तो भरावा.

चार दिवसांनी १२ लाख २० हजारांवर गाडी थांबली. पीएफसकट फिक्स्ड ९ लाख ९५ हजार, म्हणजे रेघेच्या वर. मार्चअखेरीस कंपनीत नसल्यामुळे गेल्या वर्षाचं सुमारे ६३ हजारांचं व्हेरिएबल बुडणार होतं, त्यापोटी तिने जॉइनिंग बोनस मागितला आणि ५० हजार मिळाले. वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करायची अट ऑफर लेटरमध्ये होती. कंपनीनेच काढून टाकलं तर ती लागू होणार नाही, एवढी ओळ तिने सही करण्याआधी ईमेलवर लिहून घेतली.