मार्कर उचलण्याआधी

"मॅडम, यूएक्स डिझायनरच्या मुलाखतीत ऐनवेळी एक प्रश्न देतात आणि फळ्यावर डिझाइन करायला सांगतात. मी लगेच स्क्रीन काढायला घेते. मग 'असंच का?' विचारलं की गडबडते आणि सगळं बदलून टाकते. काय करू?"

अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. मी तिची पंचेचाळीस मिनिटांची सराव मुलाखत घेतली. प्रश्न दिला: एसटी स्टँडवर प्रवाशाला आपली गाडी चटकन कळली पाहिजे. दुसऱ्याच मिनिटाला फळ्यावर मोबाइल ॲप, नकाशा आणि त्यावर सरकणारी बस! पुढची चार मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. मला वहीत टिपून घ्यायला काहीच मिळालं नाही.

फळा पुसून पुन्हा तोच प्रश्न दिला, पण अट घातली: आधी विचारायचं. तिने विचारलं, प्रवासी रोजचा की कधीतरी येणारा? त्याच्याकडे फोन असतोच का? आणि गाडी आत्ता कुठे आहे ते आपल्याला कळतं, की हाताशी फक्त वेळापत्रक आहे? मी म्हटलं, "वेळापत्रकच." नकाशा तिथेच गळाला. उत्तराने चित्र बदलणार असेल, तोच प्रश्न कामाचा; रंग कोणता हवा, हे तेव्हा विचारून काही उपयोग नसतो. पहिल्या दोन प्रश्नांवर मी मुद्दाम "तुम्हीच ठरवा" म्हटलं, मुलाखतीतही बरेचदा असंच होतं. मग तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'गृहीत: कधीतरी येणारा, वाचता येणारा, फोन नसलेला.' यात आठेक मिनिटं गेली. याहून फार लांबवू नका, डिझाइनला वेळ उरत नाही.

आता ॲपच्या जागी स्टँडवरचा फलक आला. लांबून वाचता यावा म्हणून आठच ओळी, सुटण्याच्या वेळेप्रमाणे. मी अडवलं, "गावाच्या नावाने अकारविल्हे का नाही? माणसाला गाव माहीत असतं, वेळ नाही."

ती फळा पुसायला निघाली. मी म्हटलं, पुसू नकोस, बोल.

जरा थांबून ती म्हणाली, "अकारविल्ह्यात गाव लवकर सापडेल, हे खरं. पण सगळी गावं आठ ओळींत मावणार नाहीत, आणि पाच मिनिटांत सुटणारी गाडी कुठेतरी खाली जाईल. ती चुकणं जास्त महाग. म्हणून वेळच ठेवते. यात संध्याकाळच्या गाडीची चौकशी करणाऱ्याचं नुकसान आहे. त्याच्यासाठी भिंतीवरचं छापील वेळापत्रक राहू दे. स्टँडवर बहुतेक जण अशा उशिराच्या गाड्यांचीच चौकशी करतात असं दिसलं, तर मात्र मी बदलेन."

कशाच्या बदल्यात काय सोडलं, फटका कोणाला बसला, कशामुळे मत बदलेल, हे सगळं त्यात आलं. मी पुन्हा विचारलं, "मधल्या गावी उतरणाऱ्याचं काय? त्याच्या गावाचं नाव तर पाटीवर नाहीच." यावर मात्र तिने हट्ट धरला नाही. "हे माझ्याकडून सुटलं," म्हणाली, ओळी आठाच्या सहा केल्या आणि प्रत्येक ओळीत 'मार्गे' लिहायला जागा काढली.