न उघडलेलं पोतं तसंच राहू द्या

प्रश्न : वकीलसाहेब, 6 गायी आहेत. नवीन पशुखाद्य चालू केलं आणि 12 लिटरची गाय 8 वर आली. पोत्यावर प्रथिने 20 टक्के छापलंय, पण खाद्याला बुरशीचा वास येतो. लेबलचा फोटो पाठवतोय. 10 पोत्यांतलं एक अजून उघडलेलं नाही. भरपाई मिळेल का?

उत्तर : ते पोतं उघडू नका, गोठ्यातून उचलून घरात कोरड्या जागी फळीवर ठेवा. उघडलेल्या पोत्यातला नमुना तुमच्या काही कामाचा नाही. का, ते तुमच्याच फोटोत आहे. लेबलवर छापलंय : 'कोरड्या जागी, जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवावे, उत्पादनापासून 90 दिवसांत वापरावे.' फोटोत मागची पोती ओल्या भिंतीला टेकलेली दिसतात. कंपनीचा वकील पहिल्या तारखेला हाच फोटो पुढे करील आणि बुरशी तुमच्या पदरात टाकील.

प्रथिनांचं तसं नाही. 20 टक्के हा 'किमान' आकडा आहे, म्हणजे 50 किलोच्या पोत्यात निदान 10 किलो. प्रयोगशाळा खाद्यातला नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणते; डोळ्यांनी किंवा वासावरून ते कळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 प्रमाणे जिल्हा आयोग नमुना सील करून तपासायला पाठवू शकतो आणि अहवाल 45 दिवसांत मागतो. कागदावर 45. तुमच्या पोत्यावरची उत्पादनाची तारीख 12 मे, म्हणजे 10 ऑगस्टला 90 दिवस भरतात. तक्रार दाखल होऊन नमुना काढायला आयोगाकडे तेवढा वेळ मिळेल, याची मला खात्री नाही.

म्हणून आधी दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस द्या : अमुक तारखेला या, तुमच्यासमोर नमुना काढू. आले नाहीत तर दोन पंचांसमोर, पशुवैद्यक हजर असताना नमुना काढून सील करा. बॅच नंबर शिलाईजवळ असतो, तुमच्या फोटोत तो घडीत गेलाय. तो नीट टिपा आणि रिकाम्या 9 पोत्यांवरचा नंबर तोच आहे का ते पाहा. रिकामी पोती भंगारात दिली असतील तर मात्र कपाळाला हात.

खाऊ घालण्याच्या प्रमाणावरही ते तुम्हाला पकडतील. लेबलप्रमाणे शरीरासाठी 2 किलो आणि दर लिटरला 400 ग्रॅम; 12 लिटरच्या गायीला 6.8 किलो होतात. तुम्ही किती घालत होतात ते लिहिलंच नाही. 4 किलो असेल तर दूध त्यानेही उतरलं असेल. संकलन केंद्राच्या पावत्या तारखेवार लावा, म्हणजे दूध नेमकं कधीपासून उतरलं ते दिसेल.

उधारीवर घेतलं म्हणून पक्की पावती घेतली नाही, हे वाचून चिडलोच. दुकानदाराच्या वहीतली नोंद आजच फोनमध्ये टिपून घ्या. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला 'व्यापारी' म्हणून ग्राहक कायद्याबाहेर काढणं कंपनीला सहसा जमत नाही, पण ती प्रयत्न करील. तक्रारीला मुदत 2 वर्षांची आहे, पोत्याला नाही.