रात्रपाळीवरून दिवसपाळीवर येताना झोप कशी बसवावी?

प्रश्न: कुंडईला कारखान्यात आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. नाइट संपली की सुट्टीचा दिवस झोपेतच जातो, मुलांशी बोलणंही होत नाही. काय करू?

उत्तर: शेवटच्या नाइटनंतर पोटभर झोपू नका, सगळी गडबड तिथेच होते. सहाला सुटून साडेसातला आडवे झालात तर अकराचा गजर लावा. उठल्यावर डोकं जड वाटेल. व्हरांड्यात उजेडात बसा, आंघोळ करा. एक-दीडला मुलं शाळेतून आली की त्यांच्यासोबत जेवा. जेवल्यावर डोळे मिटतील, पण तेव्हा झोपलात तर रात्री दोनपर्यंत टक्क जागे राहाल. रात्री साडेनऊला झोपा. त्या दिवशी स्कूटर मात्र चालवू नका.

नाइटच्या आठवड्यात मुख्य जेवण घरच्यांसोबत रात्री आठला. दोनच्या सुमारास पेज किंवा केळं पुरे. तेव्हा शीतकडी भरपेट जेवलात तर जळजळतं आणि पेंगही येते. एकनंतर चहा नको, सकाळची झोप उडते.

शक्य असेल तर सुपरवायझरकडे सकाळ, दुपार, रात्र असाच क्रम मागा. उलट्या क्रमापेक्षा तो शरीराला सोपा जातो.