पाच वर्षांचा मुलगा रोज नऊला अंथरुणात जातो आणि दहापर्यंत टक्क जागा असतो. काही दिवस मुद्दाम उशिरा झोपवलं तर सवय आणखी बिघडेल का?

नाही बिघडणार. उलट तो रोजचा जागा तास सवय बिघडवतोय. अंथरूण म्हणजे कूस बदलत पडायची जागा, असं पोराच्या डोक्यात पक्कं होत जातं.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मुलगी सहा वर्षांची असताना आमच्याकडे हेच चाललं होतं. नऊला दिवा बंद. मग पाणी, मग शू, मग "आई, पंखा आवाज करतोय". ओरडले की गप्प व्हायची आणि नखाने भिंतीचा रंग खरवडत पडायची. उशीजवळ तळहाताएवढा पांढरा चट्टा पडला होता. मोठ्या वन्सं दिवाळीला आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिस्त लावली नाही की पोरं अशी डोक्यावर बसतात. आमच्याकडे नऊ म्हणजे नऊ." ते मला फार लागलं, कारण नऊची शिस्त तर मीच पाळत होते आणि रोज रात्री पोरीला रडवत होते.

ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, आधी आठवडाभर फक्त लिहा. डोळा प्रत्यक्ष लागला ती वेळ कॅलेंडरवर मांडली: 10.10, 10.25, 9.55, 10.20, 10.30, 10.05, 10.15. सरासरी साधारण सव्वादहा. म्हणजे तिच्या शरीराची रात्र सव्वादहाला सुरू होत होती. नेहमीच्या झोपेच्या आधीचा तास-दीड तास मेंदू उलट जास्त तरतरीत असतो, आणि नेमकं त्याच वेळी आम्ही तिला आडवं करत होतो.

मग साडेदहा ठरवले, म्हणजे सरासरीच्या पंधरा मिनिटं पुढे. त्याआधी अंथरुणाला पाठ लावायची नाही. नऊनंतर मोबाइल, टीव्ही बंद, एकच मंद दिवा, आणि आजोबांजवळ बसून शेंगा सोलायच्या. सकाळी पावणेसातला उठवायचं म्हणजे उठवायचंच, रात्र कशीही गेली तरी. सगळा खेळ या उठवण्यावर आहे. दिवसभराच्या जागेपणाने झोप साठते, तीच रात्री कामाला येते.

पहिल्या दोन दिवशी संध्याकाळी किरकिर केली. तिसऱ्या रात्री दहा मिनिटांत डाराडूर झोपली. मी खूश झाले आणि रविवारी "झोपू दे बिचारीला" म्हणून सव्वाआठपर्यंत झोपू दिलं. त्या रात्री साडेअकरा वाजले. शिवाय सासूबाई दुपारी चारला तिला कुशीत घेऊन पडायच्या, पोर अर्धा तास झोपायची. ते थांबवायला मला चार दिवस लागले, आणि मी वाईटपणा घेऊन थांबवलं.

त्यानंतर सलग तीन रात्री पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला की वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. सव्वादहा, दहा, पावणेदहा, साडेनऊ. एखादी पायरी जमली नाही की मागच्याच वेळेवर आणखी थांबायचं. सव्वानऊला ती पुन्हा चाळीस मिनिटं जागी राहिली, तेव्हा साडेनऊवर परतलो आणि तिथेच थांबलो. साडेनऊ ते पावणेसात, सव्वानऊ तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, म्हणजे खालच्या टोकाला का होईना, पण बसते. दिवसा ती ताजी असायची, हे मी जास्त धरलं.

तुमच्या घरात कुणी "उशिरा झोपवून पोराची झोप मारताय" म्हणेल. त्यांना हिशोब दाखवा. माझी पोरगी आधीही सव्वादहालाच झोपत होती. पहिल्या आठवड्यात रोजची फार तर पाव-अर्धा तास झोप कमी झाली, तीही पुढे भरून निघाली. वन्संना मी ते कॅलेंडरच दाखवलं. नऊ वाजता दिवा बंद होणं वेगळं आणि पोर झोपणं वेगळं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि आजही सांगेन.

तुमचा मुलगा पाचचा आहे, त्याला दिवसाकाठी दहा ते तेरा तास लागतात, म्हणून वेळ पुढे नेताना त्याच्या सरासरीपासून फार लांब जाऊ नका. दुपारी झोपत असेल तर आधी ती झोप किती वाजता संपते ते बघा. आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं: मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल, संध्याकाळी पाय वळवळतात म्हणून पडून राहवत नसेल, किंवा कधी फिट आली असेल, तर यातलं काही करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. फिटच्या मुलांना जागरण सोसत नाही, आणि पायांच्या वळवळीमागे कधी कधी लोहाची कमतरता निघते.