सहा वाजताचं गाणं

मावशी, आमचा शेरू पंधरा दिवसांपूर्वी गेला. तेरा वर्षांचा होता. बाबा रोज संध्याकाळी सहाला त्याला घेऊन उपवन तलावावर जायचे. आता सहा वाजले की दारामागे टांगलेल्या पट्ट्याकडे बघत बसतात, बोलत नाहीत. त्यांना भावगीतांची खूप आवड. जीवाला बरं वाटेल, पण उगाच रडवणार नाहीत अशी कुठली गाणी लावू?
– ठाण्याहून एक लेक

बाळ, आधी एक गोष्ट कर. बाबांची सगळ्यात लाडकी चार-पाच गाणी सध्या बाजूला ठेव. माझी कुत्री गेली तेव्हा मी माझं आवडतं गाणं आठवडाभर लावलं होतं. त्याचा सूर कानावर पडला की पुढे कितीतरी वर्षं मला तिची रिकामी वाटी दिसायची. दुःखाच्या दिवसांत ऐकलेलं गाणं त्या दुःखाला चिकटतं. बाबांची गाणी बाबांना परत हवी असतील, तेव्हा ती कोरी राहिलेली बरी.

दुसरं, चाल मऊ आहे म्हणून गाणं मऊ असतं असं धरू नकोस, शब्द शेवटपर्यंत ऐक. तुला पहिल्यांदा अंगाईच सुचेल. ‘निंबोणीच्या झाडामागे’ हे सुमन कल्याणपूरांचं गाणं सुरुवातीला किती शांत आहे! गोठ्यात गाय झोपलेली, घरट्यात चिऊताई. पण शेवटच्या कडव्यात रित्या पाळण्याची दोरी हातात उरते. दारामागे पट्टा टांगलेल्या घरात ते कडवं नको गं. पहिली दोन कडवी ऐकून तू निर्धास्त स्वयंपाकघरात जाशील आणि तिसऱ्याला बाबा एकटे असतील.

सुरुवात शब्दांशिवाय कर. तीन-चार दिवस नुसती बासरी, संथ आलापी. शब्द नसले की कुणाबद्दल काही म्हटलं जात नाही, आणि बाबांना हवं ते मनात आणता येतं. मग ‘सांज ये गोकुळी’ लाव. सुधीर मोघ्यांचे शब्द, श्रीधर फडक्यांची चाल, आशाबाईंचा आवाज. त्यात कुणी कुणाला सोडून जात नाही, कुणी कुणाची वाट बघत नाही. धूळ उडवत गाई निघतात, पाखरं परततात, देवळात घंटा घुमते. संध्याकाळ नुसती उतरत राहते. बाबांना बोचते आहे ती नेमकी हीच वेळ, आणि हे गाणं त्या वेळेला हाताने थोपटल्यासारखं आहे. गाई-पाखरांच्या परतण्यानेच गळा दाटून आला, तर मात्र बासरीवर परत ये, आठवड्याने पुन्हा बघ.

लावायचं कसं तेही सांगते, कारण निम्मं काम त्यातच आहे. सहाला दहा मिनिटं कमी असताना स्पीकर स्वयंपाकघरात ठेव, त्यांच्या खुर्चीजवळ नको. ‘बाबा, तुमच्यासाठी लावलंय’ म्हणू नकोस, म्हणजे ऐकून बरं वाटल्याचं दाखवायची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. आवाज इतकाच की कुकरच्या शिट्टीत बुडावा. तीनच गाणी, पंधरा मिनिटं, आणि मोबाइलवरचं आपोआप पुढचं गाणं लागणं बंद कर. नाहीतर चौथं कुठलं लागेल ते तुझ्या हातात राहत नाही.

डोळ्यांत पाणी आलं तर घाबरू नकोस. रडून झाल्यावर बाबांनी चहा मागितला, पेपर उचलला, तर गाणं बरोबर लागलं. तेच गाणं पुन्हा पुन्हा लावायला सांगू लागले, किंवा तोंड घट्ट मिटून उठून गेले, तर ते बदल. आणि गुणगुणायला लागले, तर तू बोलायचं थांबव. गुणगुणताना श्वास सावकाश सुटतो, छाती सैल होते, ते त्यांचं त्यांना होऊ दे. जेवण आणि झोप काही आठवडे उडालेली राहिली, तर मात्र गाण्यांवर विसंबू नकोस, डॉक्टरांकडे घेऊन जा.

पट्टा तू काढू नकोस. कधी काढायचा ते बाबा ठरवतील.

महिन्याभराने ‘ए आई मला पावसात जाऊ दे’ लावून बघ. बालगीत आहे, त्यात चिंब भिजायचा हट्ट आहे. उपवनावरून पावसात भिजून आल्यावर शेरू घरभर अंग झटकायचा का? आई ओरडायची का? ते गाणं चालू असताना बाबांना एवढंच विचार, आणि मग ते सांगतील ते ऐकत बस.